चर्चा: दोन बॅकलॉग आणि चालू सेमिस्टर यांचे नियोजन एकत्र कसे करावे?

तिसरे_सेमिस्टर: यांत्रिकी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या सेमिस्टरमध्ये गणित-२ आणि मेकॅनिक्स हे दोन विषय राहिले. गणितात ७० पैकी १९ आणि मेकॅनिक्समध्ये २३ गुण मिळाले. उत्तीर्ण होण्यासाठी २८ हवे होते. आता तिसऱ्या सेमिस्टरचे पाच विषय चालू आहेत आणि परीक्षेला पंधरा आठवडे उरले आहेत. बॅकलॉगचा अभ्यास रोज थोडा करावा, की शेवटच्या महिन्यात सलग करावा?

सलगपक्ष: माझे मत स्पष्टपणे सलग अभ्यासाच्या बाजूचे आहे. रोज अर्धा तास गणित केल्याने एखादे उदाहरणही धड पुरे होत नाही आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. मागील पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका पाहा, वारंवार येणारे प्रकार वेगळे काढा आणि शेवटचे चार आठवडे फक्त तेच सोडवा. तुम्हाला गणितात नऊच गुण कमी पडले आहेत, त्यासाठी संपूर्ण अभ्यासक्रम पुन्हा करण्याची गरज नाही.

फळा_आणि_खडू: मी हे दोन्ही विषय अनेक वर्षे शिकवले आहेत. अर्ध्या तासाचे तुकडे निरुपयोगी ठरतात, हे वरील म्हणणे मला मान्य आहे. मात्र ते शेवटचे चार आठवडे प्रत्यक्षात मोकळे नसतात, कारण सबमिशन, तोंडी परीक्षा आणि चालू विषयांची उजळणी त्याच काळात येते, आणि पुष्कळदा बॅकलॉगचा पेपर दोन नियमित पेपरांच्या मधल्या दिवशी असतो.

माझ्या मते रोज की सलग, यापेक्षा कोणता धडा कोणत्या आठवड्यात घ्यायचा हे आधी ठरवायला हवे. या सेमिस्टरमध्ये तुम्हाला बहुधा स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स असेल. त्यात तुळईच्या कर्तनबल आणि नमन-आघूर्णाच्या आकृत्या काढताना पहिली पायरी आधारांवरील प्रतिक्रियाबले काढण्याची असते, आणि तो मेकॅनिक्सच्या समतोलाचाच धडा आहे. तो वर्गात तुळई सुरू होण्याच्या आधीच्या आठवड्यात करा, म्हणजे पुढचे दोन-तीन आठवडे चालू विषयाची उदाहरणे सोडवताना बॅकलॉगचा सराव आपोआप होत राहील. गणित-३ मध्ये सदिश कलन असेल, तर द्विगुणित आणि त्रिगुणित समाकलनाचे तसेच करा. घर्षण आणि गतिविज्ञान यांना असा आधार मिळणार नाही. त्यांच्यासाठी आठवड्यातून दोन वेळा अडीच-अडीच तास वेगळे ठेवा. अंतर्गत परीक्षांचे दोन आठवडे वगळले, तरी हे पासष्ट तास होतात.

जुना_अनुभव: माझ्या वेळी मी थेट पुनर्मूल्यांकनाचा अर्ज केला होता आणि सहा गुण वाढून उत्तीर्ण झालो. तुम्हीही आधी तेच करा, नियोजनाची वेळच येणार नाही.

फळा_आणि_खडू: नऊ गुणांचा फरक पुनर्मूल्यांकनावर सोडून बसणे मला धोक्याचे वाटते, कारण निकाल येईपर्यंतचे आठवडे हातचे जातात. मुदत उरली असेल, तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मात्र अवश्य मागवा. कोरे सोडलेले प्रश्न, सुरुवात करून अर्धवट राहिलेले प्रश्न आणि पूर्ण सोडवूनही चुकलेले प्रश्न वेगवेगळे मोजा, कारण तिन्हींवरचे उपाय निराळे असतात.

तिसरे_सेमिस्टर: छायाप्रत माझ्याकडे आहे. गणितात समाकलनाचे दोन्ही प्रश्न कोरे आहेत. मेकॅनिक्समध्ये एकही प्रश्न कोरा नाही, पण तीन ठिकाणी मुक्त-पिंड आकृतीतच एखादे बल राहून गेले आहे.

फळा_आणि_खडू: म्हणजे गणितात तुम्हाला एक धडा मुळापासून शिकायचा आहे, आणि समाकलनाच्या मर्यादा ठरवण्यासाठी क्षेत्राची आकृती काढण्यापासून त्याची सुरुवात करावी लागेल. मेकॅनिक्समध्ये नवीन काही वाचू नका. वीस उदाहरणांच्या फक्त मुक्त-पिंड आकृत्या काढा, उत्तरापर्यंत जाऊ नका, आणि प्रत्येक आकृतीत तुटलेल्या प्रत्येक संपर्काच्या जागी बल दाखवले आहे का, हे तपासा. सलग पाच आकृत्या बिनचूक आल्या, की पूर्ण उदाहरणांकडे वळा.

सलगपक्ष: मेकॅनिक्सबाबत माझा सल्ला अपुरा होता, हे मान्य करतो, आकृतीच चुकत असेल तर जुन्या प्रश्नपत्रिकांमधून तीच चूक पक्की होईल. तरीही गणितात नेमके २८ गुण डोळ्यांपुढे ठेवून काही धडे सोडून द्यावेत, या मतावर मी ठाम आहे.

फळा_आणि_खडू: प्रश्नपत्रिकेत धड्यानुसार पर्याय असेल तरच ते शक्य आहे, आणि तेव्हाही तयारी चाळीस-पंचेचाळीस गुणांची ठेवावी. २८ ची तयारी केलेला विद्यार्थी एका चिन्हाच्या चुकीने २४ वर थांबलेला मी पुष्कळदा पाहिला आहे.

तिसरे_सेमिस्टर: पर्याय आहे, पण सदिश कलन शेवटच्या महिन्यात शिकवणार आहेत. मग समाकलन तोपर्यंत थांबवावे का?

सलगपक्ष: थांबवा, दोन्ही एकत्र होतील.

फळा_आणि_खडू: मी थांबवणार नाही. कोरा राहिलेला धडा पहिल्या चार आठवड्यांतच घ्या आणि सदिश कलन सुरू होईल तेव्हा त्याची फक्त उजळणी ठेवा.