मदत हवी आहे: दोन लूपचं सर्किट, स्लाइडवर एकदा उणे १ अँपिअर, एकदा अधिक १, आणि माझं तिसरंच

रूम_नंबर_सात

नमस्कार मंडळी. मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, कर्वेनगरला रूमवर राहतो. सरांनी नोडचा आणि लूपचा नियम एकाच तासात स्लाइड्सवर उरकला. आता रूमवरच्या दोघांना ते मी समजावायचं ठरलंय, कारण पुढच्या बाकावर मी बसलो होतो. पण मलाच कळेना झालंय.

सर्किट हे आहे. दोन्ही बॅटऱ्यांचं प्लस वर.

```
      2Ω      A      3Ω
  +--/\/\-----+-----/\/\--+
  |           |           |
 14V          4Ω         5V
  |           |           |
  +-----------+-----------+
              B
```

नोडच्या स्लाइडवर ३ ओहममधला करंट −१ आलाय. दोन स्लाइड पुढे लूपने सोडवलंय तिथे त्याच ३ ओहममध्ये +१. मी स्वतः लूपने केलं तर डाव्या लूपचा ४.५४ आणि उजव्याचा ३.३१ आला. माझी समीकरणं (दोन्ही लूप घड्याळाच्या दिशेने):

```
14 - 2Ia - 4(Ia - Ib) = 0
 5 - 3Ib - 4(Ib - Ia) = 0
```

स्लाइड चुकलीय की मी?

भेंडी_फ्राय

भावा, चिन्हाचं एवढं मनावर घेऊ नको. उणे आलं म्हणजे बाण उलटा धरला होतास, आकडा तोच. आणि तू दोनच लूप घेतलेस. बाहेरचा मोठा लूप कुठंय? चित्रात तीन लूप आहेत, तीन समीकरणं लिही, तीन करंट काढ, विषय संपला.

सुलभा_जी

रूम नंबर सात, स्लाइड दोन्हीकडे बरोबर आहे, चूक तुझी आहे आणि एकाच जागी आहे. पण लगेच समीकरण दुरुस्त करू नकोस. मी डिप्लोमाच्या मुलांना हे बरीच वर्षं शिकवलं. दुरुस्त केलेलं समीकरण मुलं पाठ करतात आणि पुढच्या गणितात तीच चूक परत करतात.

आधी लूप विसर. खालची तार शून्य व्होल्ट धर. मग सगळ्या सर्किटमध्ये न कळलेली एकच गोष्ट उरते, A चं व्होल्टेज. त्याला V म्हण. डावीकडून A कडे जितका करंट येतो आणि उजवीकडून जितका येतो, त्यांची बेरीज मधल्या ४ ओहममधून खाली जायला हवी. A ही नुसती तारांची गाठ आहे, तिथे काही साठत नाही.

```
(14 - V)/2 + (5 - V)/3 = V/4
```

दोन्ही बाजूंना १२ ने गुण. 84 − 6V + 20 − 4V = 3V, म्हणजे 104 = 13V, म्हणजे V = 8. आता डावीकडून (१४ − ८)/२ = ३ अँपिअर येतात, मधून ८/४ = २ खाली जातात, आणि उजवीकडून (५ − ८)/३ = −१ "येतो".

हा उणे एक नीट बघ. A आठ व्होल्टवर आहे आणि उजवी बॅटरी पाचवर. मग ती A कडे करंट ढकलणार कशी? उलट A तिच्यात एक अँपिअर ढकलतोय. ती बॅटरी चार्ज होतेय. नोडच्या स्लाइडवर बाण "A कडे येणारा" काढलाय म्हणून −१. लूपच्या स्लाइडवर घड्याळाच्या दिशेचा बाण ३ ओहममधून A पासून लांब जातो म्हणून +१. दोन्ही वाक्यं एकच गोष्ट सांगतात. त्यामुळे भेंडी_फ्राय, "चिन्ह मनावर घेऊ नको" हे मला पटत नाही. बाण उलटा होता एवढं तुमचं बरोबर, पण बॅटरी देतेय की घेतेय हे त्या चिन्हावरूनच कळतं.

आता तुझी चूक. तुझ्या उत्तराने A किती येतो? १४ − २ × ४.५४ = ४.९२. तिथून उजवीकडे ३ ओहम ओलांडताना ३ × ३.३१, म्हणजे साधारण ९.९२ व्होल्ट पडले. म्हणजे बॅटरीचं वरचं टोक तुझ्या हिशेबात −५ वर आहे. चित्र बघ आणि सांग.

रूम_नंबर_सात

ओह. चित्रात वर प्लस आहे. उजव्या लूपमध्ये घड्याळाच्या दिशेने जाताना मी बॅटरीतून वरून खाली उतरतो, प्लसकडून मायनसकडे, म्हणून −५ हवं होतं. मी "बॅटरी आहे ना, मग अधिक" असं लिहिलं.

−५ घातल्यावर 6Ia − 4Ib = 14 आणि 4Ia − 7Ib = 5 झालं. Ia = 3, Ib = 1. मधल्यातून ३ − १ = २. जुळलं!

आणि @भेंडी_फ्राय, −५ दुरुस्त केल्यावर बाहेरचा लूपही घालून बघितला. बाण नोडच्या स्लाइडचेच, A कडे येणारे, 14 − 2I1 + 3I2 − 5 = 0. तिन्ही लूप लिहून सोडवलं तर शेवटी 0 = 0 येतं. वहीची दोन पानं गेली.

भेंडी_फ्राय

काय सांगतोस. मग परीक्षेत आम्ही तिसरं लिहायचो ते काय होतं?

सुलभा_जी

नोडचं असणार. बाहेरचा लूप म्हणजे डावा अधिक उजवा, मधला ४ ओहम एकदा उतरतो आणि एकदा चढतो, म्हणून बेरजेत गळून जातो. दोघांना माहीत नसलेलं तिसऱ्याला काही माहीत नाही. तीन करंट शोधायचे असतील तर दोन लूप आणि एक नोड. B चं समीकरण लिहिलंत तरी तेच, ते A चंच उलटं चिन्ह लावलेलं आहे.

मात्र सोडवून झाल्यावर पडताळ्याला बाहेरचा लूप चांगला. रूम नंबर सात, तुझे चुकलेले आकडे त्यात घाल: १४ − ९.०८ − ९.९२ − ५ = −१०. शून्य यायला हवं होतं, दहा उरले. दहाचं निम्मं पाच, आणि पाच व्होल्टची बॅटरी एकच आहे. एका बॅटरीचं चिन्ह उलटलं की तिच्या दुप्पट फरक राहतो. रेझिस्टरचं चिन्ह चुकलं तर इतका सरळ माग लागत नाही.

रूम_नंबर_सात

पण ताई, बाहेरच्या लूपमध्येही मी +५ च लिहिलं असतं तर? मग शून्यच आलं असतं की.

सुलभा_जी

आलं असतं. म्हणून पडताळा चित्राकडे बघून नव्याने लिहायचा, आधीच्या ओळी उतरवून नाही. दुसरा उपाय वॉटचा. डावी बॅटरी १४ × ३ = ४२ वॉट देते. २ ओहममध्ये १८ जातात, ४ ओहममध्ये १६, ३ ओहममध्ये ३, आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीत ५. बेरीज ४२. इथेही पाचची बॅटरी देणारी की घेणारी हे चित्रावरूनच ठरवावं लागतं, त्यातून सुटका नाही.

वाकडचा_इन्व्हर्टर

माझा प्रश्न थोडा वेगळा. घरी इन्व्हर्टरला जुनी बॅटरी होती, तिला समांतर नवी जोडली. इलेक्ट्रिशियन म्हणाला बॅकअप दुप्पट होईल. लाइट गेलेली नसतानासुद्धा जुनी कोमट लागते. कोणती कंपनी घ्यावी?

सुलभा_जी

कंपनीचं मला विचारू नका. पण तुमचं घर म्हणजे याच धाग्यातलं सर्किट आहे. मधला ४ ओहम काढून टाका, म्हणजे लोड बंद. तरी (१४ − ५)/(२ + ३) = १.८ अँपिअर एका बॅटरीतून दुसरीत फिरत राहतो. खऱ्या बॅटऱ्यांत फरक नऊ व्होल्टचा नसतो, पण आतला रोधही ओहममध्ये नसतो. अर्ध्या व्होल्टचा फरक आणि दोन्हींचा मिळून ०.०२ ओहम रोध धरला तरी जोडल्या क्षणी २५ अँपिअर. मग फरक मिटत जातो तसा करंट उतरतो. तुमची कोमट राहते ती यामुळेच की चार्जरमुळे, हे क्लॅम्प मीटर लावल्याशिवाय मी सांगणार नाही. जुनी सोडवून एक दिवस ठेवा आणि बघा.

रूम_नंबर_सात

अजून एक. आम्ही हे काल लॅबमध्ये लावलं. ओहमऐवजी किलोओहम घेतले, मित्र म्हणाला नाहीतर २ ओहमचा पाव वॉटचा रेझिस्टर १८ वॉटला धूर काढेल. तपकीर गल्लीत २ के आणि ३ के मिळाले, ४ के नाही मिळाला, ३.९ के घेतला. त्याने A ७.९५ यायला हवा, मी काढून बघितलं. मीटर दाखवतोय ८.६! ५ व्होल्टसाठी लॅबमधलं छोटं रेग्युलेटर बोर्ड वापरलं, १४ साठी मोठा सप्लाय.

भेंडी_फ्राय

मीटर स्वतः करंट खातो, त्याने रीडिंग बदलतं. हे नक्की माहितीय मला.

सुलभा_जी

मीटर खातो हे खरं. पण डिजिटल मीटरचा रोध साधारण १० मेगाओहम असतो, इथे सगळं किलोओहममध्ये. शिवाय मीटरने A खाली ओढला असता, वर नाही.

८.६ वरून मागे चल. डावीकडून (१४ − ८.६)/२ = २.७ मिलिअँपिअर येतोय. मधून ८.६/३.९, म्हणजे २.२ जातोय. नोडचा नियम लॅबमध्येही तोच, म्हणून उजवीकडे अर्धाच मिलिअँपिअर जातोय. ३ के वर त्याचे दीड व्होल्ट पडतात. म्हणजे तुझा "पाच व्होल्टचा" सप्लाय ७.१ वर असणार. कागदावरची बॅटरी करंट घेतेही, तसले बरेच रेग्युलेटर फक्त देतात. उलट ढकललं की त्यांचं टोक वर चढतं. प्रोब थेट त्या बोर्डाच्या टोकांवर लाव. ७.१ च्या आसपास दिसलं तर बोर्डाच्या आउटपुटला समांतर १ के लाव. तो ५ मिलिअँपिअर मागेल, त्यातला एक तुझ्या A कडून येईल आणि उरलेले चार रेग्युलेटर देईल. म्हणजे तो पुन्हा देणाराच राहील.

रूम_नंबर_सात

ताई, आज जेवणाच्या सुट्टीत मोजलं. ७.० दाखवतंय!! १ के कुणाकडेच नव्हता. लॅब असिस्टंट म्हणतात बोर्डच खराब आहे, ते बाजूला ठेवून दुसरं घ्या. दुसऱ्यावर ६.४ आलं. आता दोन्ही बोर्ड खराब की दोन्ही चांगली?

सुलभा_जी

सगळं सोडवून एकेक बोर्ड नुसतं मोज. दोन्ही ५ दाखवत असतील तर बोर्ड चांगली आहेत, आत उलटा करंट गिळायची ताकद कमीजास्त आहे इतकंच. पण ६.४ वाल्याबरोबर A किती होता ते लिहिलं नाहीस. तो सांग, मग बघू.

वाकडचा_इन्व्हर्टर

जुनी सोडवलीय. उद्या सकाळी हात लावून बघतो.