फोन पडला, आता स्क्रीन आपोआप चालते: तुमचे अनुभव सांगा

रानजाई
गेल्या मंगळवारी माझा फोन ओट्यावरून फरशीवर पडला. काचेला साधा ओरखडाही नाही, म्हणून निश्चिंत होते. दोन दिवसांनी अ‍ॅप आपोआप उघडायला लागली, रात्री साडेअकराला सासूबाईंना फोन लागला. पिन भरताना मधेच नको तो आकडा उमटतो, त्यामुळे यूपीआय वापरायची भीती वाटते. माझे हात स्वयंपाकात सारखे ओले असतात, तेव्हा दोष पाण्याचा की पडण्याचा? दुकानात जाण्याआधी कोणती सेटिंग बघू? तुमच्याकडे असं झालं असेल तर लिहा.

बंदरावरची
मी मासळी विकते. साध्या पाण्यापेक्षा खारं पाणी वाईट, हे रोजचं बघणं आहे. बर्फाच्या पाण्याचा थेंब पडला तर एखादं बटण दाबलं जातं, पण मिठाचा हात लागला की स्क्रीन नुसती नाचते. मी आधी बाजूचं बटण दाबून स्क्रीन बंद करते आणि मगच सुती फडक्याने पुसते. चालू स्क्रीन पुसली की पुसतानाच काहीतरी पाठवलं जातं. पुसल्यावर माझा फोन लगेच शहाण्यासारखा वागतो. तुमचा तसा वागतो का?

निवांत
फोन तांदळाच्या डब्यात रात्रभर ठेवा. माझा तसाच बरा झाला. आणि चार्जर बदलून बघा. माझ्याकडे स्वस्तातल्या चार्जरवर लावला की टच वेडा व्हायचा, काढला की ठीक.

दुरुस्तीवाला
अकरा वर्षं मोबाईलचं दुकान आहे. निवांत, चार्जरचं तुमचं बरोबर आहे. खराब चार्जरमधून विजेचा गोंगाट येतो आणि बोटाचा अगदी बारीक संकेत त्यात हरवतो. तांदळाचं मात्र पटत नाही. उघड्यावर ठेवला असता तरी सुकलाच असता, वर तांदळाची पूड चार्जिंगच्या भोकात जाते.

रानजाई ताई, आधी डेटाचा बॅकअप घ्या. स्क्रीन ऐकत नसेल तर ओटीजीचं जोडणं चार्जिंगच्या भोकात लावून साधा यूएसबी माउस जोडा, बाण दिसेल. मग फोन कोरडा करा, चार्जर काढा, टेम्पर्ड ग्लास आणि कव्हरही काढा. काही फोनांत Settings मध्ये Display खाली Touch sensitivity असतं. जाड काचेसाठी ते चालू केलेलं असेल तर बंद करा, कारण मग थेंबालाही स्क्रीन बोट समजते.

आता खरी परीक्षा. About phone मध्ये Build number वर सात वेळा टिचकी मारा, Developer options उघडेल. त्यात Pointer location चालू करा आणि फोन टेबलावर ठेवून हात लांब ठेवा. वर डावीकडे P: 0 असायला हवं. बोट न लावता तो 1 किंवा 2 झाला, रेघा उमटल्या, तर त्या कुठे उमटतात ते बघा. जागा बदलत राहिली तर ओल किंवा चार्जर. रोज त्याच पट्ट्यात आल्या तर स्क्रीनचं पॅनेल किंवा त्याला आतल्या बोर्डाशी जोडणारी पट्टी.

घाटमाथा
माझा उलटा प्रश्न आहे. भांडी घासल्यावर बोटाचा ठसा घेतच नाही. तीच सेटिंग का?

दुरुस्तीवाला
नाही, ते वेगळं. पाण्यात बोट सुरकुततं, ठसा बदलतो. पिन वापरा.

रानजाई
करून पाहिलं. ग्लास काढली, Touch sensitivity आधीच बंद होतं. चार्जर नाही, हात कोरडे. तरी उजव्या कडेला बोटभर रुंदीच्या उभ्या पट्ट्यात रेघा येतात. Safe mode मध्येही तसंच, म्हणजे एखाद्या अ‍ॅपचा दोष नाही. कडेला अंगठ्याने हलकं धरलं की दोन मिनिटं थांबतात.

दुरुस्तीवाला
मग पडण्यानेच झालंय. धरल्यावर थांबतं म्हणजे पट्टीचा जोड ढिला असू शकतो, तो नुसता बसवून पाहता येतो. नाहीतर फोल्डर, म्हणजे काच, टच आणि डिस्प्ले असा अख्खा जोडलेला भाग, बदलावा लागेल. दुकानात आधी जोड तपासायला सांगा, लगेच फोल्डरला हो म्हणू नका. उघडल्याशिवाय मीही यातलं कोणतं ते सांगू शकत नाही.

निवांत
घरीच दाबून दाबून बसणार नाही का?

दुरुस्तीवाला
नको. तडा आतल्या थरात असला तर वाढेल.

प्रवासी
माझा पडला नाही, भिजला नाही. गाडीत नकाशा लावून तासभर चार्जिंगवर ठेवला की मधल्या भागात आपोआप टच होतात. घरी काहीच नाही.

दुरुस्तीवाला
गाडीचा चार्जर काढून तेवढाच वेळ चालवून बघा. आणि फोन सपाट काचेवर पालथा ठेवा. तो डुगडुगतो का, कडेला फट दिसते का? बॅटरी फुगली की आतून स्क्रीनला रेटते.

प्रवासी
डाव्या कडेला नख जातंय. फोन बंद केला, उद्या सकाळीच घेऊन जातो.