१५०० वॅटची किटली ५ अँपिअरच्या सॉकेटवर चालवावी का? मदत हवी आहे

मंडळी, इलेक्ट्रिकलचं काम जाणणारं कोणी असेल तर प्लीज सांगा. किचनच्या ओट्यावर एकच छोटं सॉकेट आहे, ५ अँपिअरवालं (हल्ली ६ लिहितात), आणि नवीन किटलीला आलाय जाड गोल पिनांचा १५-१६ अँपिअरचा प्लग. दुकानदार म्हणतो कन्व्हर्जन प्लग लावा, काही होत नाही. पण हिशोब केला तर १५०० भागिले २३० म्हणजे साडेसहा अँपिअर, म्हणजे सॉकेटच्या मर्यादेच्या वरच गेलं ना. मिक्सर ७५० वॅटचा, तो सव्वातीन अँपिअर घेतो, इस्त्री १००० ची, साधारण साडेचार, त्यामुळे ती दोन्ही छोट्या प्लगवर येतात ते पटतं. गिझर २००० चा, म्हणजे पावणेनऊ, त्याला मोठं सॉकेट आहेच.

शेजारी असाच कन्व्हर्जन प्लग वापरतात, त्यांच्या सॉकेटची भोकं पिवळी पडलीत आणि प्लग काढताना हाताला चांगलाच गरम लागतो, ते बघून भीती वाटते.

आता वायरमन म्हणतो फक्त सॉकेट बदलून १६ चं बसवतो, पण आतली वायर १ स्क्वेअर एमएमची आहे. मग सॉकेट मोठं आणि वायर बारीक, तापणार ती भिंतीतली वायरच ना? एमसीबीपासून २.५ किंवा ४ एमएमची वेगळी वायर ओढायलाच हवी का, आणि त्या लाईनला एमसीबी किती अँपिअरचा टाकू?