'स्वस्थ' हिंदीतलं आणि आपलं: आजारी सहकाऱ्याला लिहायच्या चार ओळी

सागर: शिरोली एमआयडीसीत आमची फाउंड्री आहे. क्वालिटीतले मिश्राजी कानपूरचे. त्यांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालंय. डिपार्टमेंटतर्फे कार्ड द्यायचंय, वर हिंदी आणि खाली इंग्रजी, कारण चेन्नईच्या ऑफिसातले लोकही त्यावर सही करणार आहेत. मी असं लिहिलंय:

'मिश्राजी, आपकी प्रकृति अब कैसी है? आप जल्द से जल्द स्वस्थ हो और काम पर वापस आओ. आपकी कमी महसूस हो रही है. भगवान आपको शक्ति दे. अपनी चिंता कीजिए.'

इंग्रजी: 'हाऊ इज युवर हेल्थ? प्लीज गेट वेल ॲट द अर्लिएस्ट अँड रिजॉईन ड्युटी. युवर ॲबसेन्स इज बीइंग फेल्ट. मे गॉड गिव्ह यू स्ट्रेंग्थ.'

आमचे एक साहेब म्हणाले, 'स्वस्थ हो' म्हणजे गप्प बसा असं वाटतंय. दुसरा शब्द कुठला घालू?

उत्तम पाटील: साहेबांचं बरोबर आहे भावा. स्वस्थ म्हणजे निवांत, हालचाल न करता. 'स्वस्थ बस की जरा' म्हणतो आपण. तो शब्द काढून 'अच्छे हो जाओ' कर. आणि 'गेट वेल सून' तर अजिबात लिहू नको, ती ऑर्डर झाली.

मृणाल: उत्तमदादा, अर्धं पटलं. मराठी कानाला 'स्वस्थ' गप्प बसवतो हे खरं, पण कार्ड वाचणारा कानपूरचा आहे. हिंदीत स्वस्थ म्हणजे निरोगी, एवढंच. शब्द एकाच मुळाचा, स्वतःच्या ठिकाणी असलेला. हिंदीने त्यातून तब्येत घेतली, आपण बैठक घेतली. गंमत म्हणजे 'अस्वस्थ' आणि 'स्वास्थ्य' हे शब्द आपल्याकडेही आजारपणाच्या जवळ राहिले, फक्त 'स्वस्थ' तेवढा लांब गेला. तेव्हा सागर, तो शब्द चूक नाही.

'अच्छे हो जाओ' मात्र नको. आपल्या 'बरे व्हा'चं ते शब्दशः रूप आहे. हिंदीत तबीयत अच्छी होते, माणूस सहसा 'ठीक' होतो. माणसालाच 'अच्छे हो जाओ' म्हटलं तर आत्तापर्यंत वाईट वागत होता, आता सुधार, असाही वास येऊ शकतो.

उत्तम पाटील: पण 'ठीक' म्हणजे बरं चाललंय, ना चांगलं ना वाईट. 'ठीक हो जाइए' फार हलकं वाटत नाही का?

मृणाल: मराठीत तसं वाटेल. हिंदीत आजाऱ्याला घरातली माणसं हेच म्हणतात, 'जल्दी ठीक हो जाइए'. 'शीघ्र स्वास्थ्य लाभ की कामना करते हैं' हे लेटरहेडवरचं झालं. मंत्र्याला शोभतं, शेजारच्या टेबलावरच्या माणसाला नाही.

खरी चूक ज्या शब्दावर कुणी बोट ठेवलं नाही तिथे आहे. 'प्रकृति'. आपण प्रकृती विचारतो, हिंदीत प्रकृति म्हणजे निसर्ग, नाहीतर स्वभाव. 'आपकी प्रकृति कैसी है' म्हणजे तुमचा स्वभाव कसा आहे. तिथे 'तबीयत' हवं. तसंच 'अपनी चिंता कीजिए'. तुला 'काळजी घ्या' म्हणायचंय. मराठीत घ्यायची काळजी आणि करायची काळजी एकाच शब्दात राहतात, हिंदीत वेगळ्या. घ्यायची ती 'ख़याल रखना', करायची ती 'चिंता' किंवा 'फ़िक्र'. तू मिश्राजींना स्वतःबद्दल घोर लावून घ्यायला सांगितलंयस.

सागर: बाप रे. छापायला आज संध्याकाळी देणार होतो.

वर्षा: ऑपरेशनच्या रजेचा अर्ज हिंदीत कसा लिहायचा ते पण सांगाल का? माझी पंधरा दिवसांची मेडिकल राहिली आहे आणि आमचे नवीन मॅनेजर लखनौचे आहेत.

मृणाल: वर्षाताई, अर्ज वेगळा मामला. तिथे 'स्वास्थ्य लाभ'सारखी जड भाषाच शोभते. त्यासाठी वेगळा विषय काढा, इथे गुंता होईल.

इरफान: 'आप' बरोबर 'आओ' चालतं का? मुंबईत, दिल्लीत सगळे 'आप बैठो ना' म्हणतात.

उत्तम पाटील: चूकच आहे ते. व्याकरणात 'आप'बरोबर 'आइए'.

मृणाल: बोलण्यात रूढ आहे, त्यामुळे चूकच म्हणणं जरा कडक होतं. पण कार्डावर लिहिताना 'आइए', 'कीजिए', 'हो जाइए'च घ्या. मिश्राजी वयाने मोठे आहेत. हिंदीत मान आणि माया दोन्ही त्या 'इए'त बसतात.

आणि सागर, तुझ्या 'स्वस्थ हो' मध्ये एक टिंब राहिलंय. 'आप स्वस्थ हों' असं हवं. अनुस्वार असला की ती 'आप'साठीची इच्छा, 'तुम्ही बरे व्हावेत'. अनुस्वार गेला की 'तुम'ची आज्ञा उरते, शिवाय वर 'आप' आहे ते जुळत नाही. मराठी हात हे टिंब नेहमी गाळतो, कारण आपल्याला ते ऐकू येत नाही. 'हूँ'वर चंद्रबिंदू आणि 'हों'वर नुसतं टिंब का, तर शिरोरेषेच्या वर मात्रा असली की चंद्रबिंदूला जागा राहत नाही. 'मिश्रा जी' हिंदीत सुटं लिहितात, आपण जोडतो. वाक्याच्या शेवटी टिंबाऐवजी उभा दंड.

इरफान: 'भगवान शक्ति दे' मध्ये काय वावगं आहे? दुआच आहे की.

मृणाल: दुआ आहे, पण सांत्वनाची. घरात कुणी गेलं की हे दुःख सोसायची शक्ती मागतात, मराठीतही. अपेंडिक्स काढून चार दिवसांनी सूप पिणाऱ्या माणसाला ते वाचून दचकायला होईल. इंग्रजीतलं 'मे गॉड गिव्ह यू स्ट्रेंग्थ' त्याच गावचं. तसंच 'यू विल बी मिस्ड' कुणी सुचवलं तर घेऊ नका. ते निरोप समारंभात किंवा माणूस गेल्यावर लिहितात. 'वी मिस यू' चालेल.

इरफान: मग देवाचं नावच नको?

मृणाल: हिंदीत 'ईश्वर से प्रार्थना है' सहज जातं. इंग्रजी ओळीत मी टाळेन, तिथे ते जास्त गंभीर ऐकू येतं.

इरफान: हे मला नाही पटलं. चेन्नईच्या ऑफिसातले 'प्रेअर्स' रोज लिहितात, कुणाला गंभीर वाटत नाही.

मृणाल: असेल. सही करणाऱ्यांना विचारून ठरवा.

आता इंग्रजीकडे. सागरचं इंग्रजी व्याकरणाने ठीक आहे, तरी वाचून ऊब येत नाही. 'ॲट द अर्लिएस्ट' आणि 'रिजॉईन ड्युटी' हे मेमोतले शब्द. 'जल्द से जल्द' हिंदीत आपुलकीचं वाटतं, इंग्रजीत नेलं की मुदत होते. 'युवर ॲबसेन्स इज बीइंग फेल्ट' मध्ये हजेरीपत्रक दिसतं, कारण कुणाला जाणवतंय तो कर्ताच वाक्यात नाही. 'वी मिस यू' म्हटलं की माणसं आली. 'हाऊ इज युवर हेल्थ' सुद्धा तपासणीसारखं वाटतं, 'हाऊ आर यू फीलिंग' विचारा. आणि उत्तमदादा, 'गेट वेल सून' रूपाने आज्ञार्थी आहे, पण इंग्रजीत ती शुभेच्छाच. 'हॅव अ नाइस डे'ला कुणी हुकूम म्हणत नाही.

अडचण अशी की 'जी', 'आप', 'इए' या तिन्हींना इंग्रजीत जागाच नाही. हिंदीत क्रियापदाच्या शेपटीत असलेली माया भाषांतरात गळून पडते आणि मग लोक 'व्हेरी व्हेरी' आणि उद्गारचिन्हं भरून ती भरपाई करतात. त्यापेक्षा एक अशी गोष्ट घाला जी फक्त मिश्राजींचीच आहे. सागर, त्यांची कुठली वस्तू, सवय?

सागर: त्यांचा मापं घ्यायचा व्हर्निअर. दुसऱ्याला हात लावू देत नाहीत. ड्रॉवरमध्ये कापडात गुंडाळून असतो.

उत्तम पाटील: मग 'तांबडा-पांढरा वाट बघतोय' असंही घाला की, कोल्हापूरचं कार्ड आहे!

इरफान: पोटाचं ऑपरेशन झालंय हो दादा. आणि मिश्राजी खातात का ते तरी विचारा.

मृणाल: व्हर्निअर घ्या, त्याला पथ्य लागत नाही. असं करून बघा:

'मिश्रा जी, ऑपरेशन ठीक से हो गया, यह सुनकर हम सबको बड़ी राहत मिली। जल्दी ठीक हो जाइए, पर लौटने की जल्दी मत कीजिए। आपका काम हमने आपस में बाँट लिया है। आपका वर्नियर दराज़ में ही है, किसी ने छुआ तक नहीं। अपना ख़याल रखिए।'

'डिअर मिश्राजी, वी वेअर ऑल सो रिलीव्ह्ड टू हिअर दॅट द ऑपरेशन वेंट वेल. गेट वेल सून, बट प्लीज डोन्ट रश बॅक. वी हॅव गॉट युवर वर्क कव्हर्ड. युवर व्हर्निअर इज स्टिल इन इट्स ड्रॉवर, अँड नोबडी हॅज डेअर्ड टू टच इट. टेक केअर ऑफ युवरसेल्फ.'

हिंदीत 'जल्दी' दोनदा आलंय, तो खेळ इंग्रजीत जमत नाही, सोडून दिला. पण 'छुआ तक'मधला 'तक' सोडला तर वाक्य नुसती नोंद होतं, 'नोबडी हॅज टच्ड इट', जणू पंचनामा. 'डेअर्ड'ने 'तक'चं काम केलं आणि थोडं हसूही आणलं. 'बाँट लिया है' शब्दशः नेलं की 'तुमच्या वस्तू वाटून घेतल्या' असं वाटायची भीती, म्हणून 'कव्हर्ड'. ऑपरेशनचा उल्लेख मात्र मिश्राजींनी स्वतः सगळ्यांना सांगितलं असेल तरच. चेन्नईला माहीत नसेल तर 'आपकी तबीयत सुधर रही है' आणि 'यू आर ऑन द मेंड' एवढंच.

सागर: चेन्नईला माहीत आहे, मिश्राजींनीच ग्रुपवर टाकलं होतं. खाली 'रिगार्ड्स' लिहू?

मृणाल: 'रिगार्ड्स' कोटेशनखाली बरं. 'वॉर्म विशेस फ्रॉम ऑल ऑफ अस इन क्वालिटी' लिही. हिंदीत 'क्वालिटी विभाग के आपके सब साथी'. त्यातला 'आपके' विसरू नको.

उत्तम पाटील: इंग्रजीत 'डिअर मिश्राजी' चालतं का? एकतर 'मिस्टर मिश्रा' नाहीतर नुसतं नाव.

मृणाल: 'मिस्टर मिश्रा' म्हटलं की बिलाची आठवण येते. मी 'जी' ठेवेन.

इरफान: चेन्नईवाले त्यांना 'मिश्रा सर' म्हणतात पण.

सागर: हिंदीत 'मिश्रा जी' सुटं, इंग्रजीत जोडून ठेवतोय. छापणारा म्हणतोय नुक्ता, म्हणजे 'ख़'खालचं टिंब, त्याच्या फॉन्टमध्ये येत नाही, 'ख्याल' लिहिलं तर चालेल ना?

मृणाल: चालेल, हिंदीत 'ख्याल' सर्रास लिहितात. पण 'बड़ी'चं टिंब सोडू नकोस, तिथे अक्षरच बदलतं. ते येत नसेल तर 'बहुत राहत मिली' कर.