‘चॉप्ड ऑन’ला मराठीत काय म्हणावं?

सांगलीची: हायलाइट्सना मराठी आवाज द्यायचं काम घेतलंय. तीन दिवस एकाच ओळीशी अडलेय: ‘चॉप्ड ऑन! ही इज गॉन!’ मी लिहिलं, ‘बॅटची आतली कड घेऊन चेंडू यष्ट्यांवर आदळला आणि फलंदाज बाद झाला!’ अर्थ बरोबर आहे, पण माझं बोलून होईपर्यंत चित्रात बॉलर मिठ्या मारून परत निघालेला असतो.

विट्याचा: नुसतं ‘गेला!’ म्हणा की.

इस्लामपूरकर: आमच्या टेनिस बॉलच्या स्पर्धेत माइक माझ्याकडे असतो. एकाच्या दांड्या उडाल्या, मी ‘गेला, गेला’ ओरडलो, तर सगळी पोरं वर बघायला लागली. सिक्सच वाटला त्यांना. मैदानाला लागून ऊस आहे, तिकडं बॉल गेला की गेलाच.

सांगलीची: तीच तर गोची आहे. चेंडूही ‘गेला’, फलंदाजही ‘गेला’.

मिरजेचा स्कोअरर: मग ‘गेली!’ म्हणा. विकेट गेली. चेंडूला कुणी ‘गेली’ म्हणत नाही, त्यामुळे घोळ होत नाही. बायकांच्या मॅचमध्ये तर दुहेरी बसतं. स्मृती मानधना खेळताना ‘गेली!’ ऐकलं, तर सांगलीत कुणी वर बघणार नाही, कपाळाला हात लावतील.

विट्याचा: पण ‘त्रिफळा उडाला’ नको हां. स्वतःच बॅटनं स्टंपवर ओढून घेतला, म्हणजे तो स्वयंचीत.

मिरजेचा स्कोअरर: नाही हो. चेंडू आधी बॅटला किंवा पॅडला लागून स्टंपवर गेला, तरी वहीत त्रिफळाचीतच लिहितात. स्वयंचीत म्हणजे बॅट किंवा अंगच लागून बेल पडली तर.
ताई, तुमची खरी अडचण वेळेची आहे. सगळं एका दमात सांगू नका. बेल पडल्या क्षणी ‘दांडी गुल!’ एवढंच. पुढं स्लो मोशन येतं, तिथं निवांत सांगा: ‘ऑफ स्टंपच्या बाहेरचा चेंडू, कट मारायला गेला आणि स्वतःच स्टंपवर ओढून घेतला.’ ‘ओढून घेतला’मध्येच चॉप्ड ऑन आलं.

सांगलीची: ‘ओढून घेतला’ घेते. ‘दांडी गुल’ मात्र मला गल्लीतलं वाटतं. टेस्ट मॅचला चालेल?

इस्लामपूरकर: टेस्टवाले काय गल्लीत खेळले नाहीत होय?

मिरजेचा स्कोअरर: टेस्टला मी ‘त्रिफळा!’ म्हणेन. ते तुमच्या कानावर सोडतो.

सांगलीची: आणि इनसाइड एजला ‘आतली कड’ ठेवू ना? काल आत्याला ऐकवलं, ‘चेंडूनं बॅटची कड घेतली’. तर म्हणाली, ‘बॅटची कड घेतली, मग बॅटवालाच कसा आऊट?’

मिरजेचा स्कोअरर: आत्याबाईंचं बरोबर आहे. ‘कड लागली’ म्हणा, ‘घेतली’ नको.