मदत हवी आहे: कथेतल्या मुलाला पाईप आणि दोन आरशांच्या पेरिस्कोपमधून नक्की किती दिसेल?

रानवाट
एक लघुकथा लिहितेय आणि शेवटाशी येऊन अडकलेय. गावातला सहावीतला मुलगा आहे, त्याला पडून राहिलेला चार फुटी पाईप आणि फुटक्या आरशाचे दोन तुकडे सापडतात, त्यातून तो पेरिस्कोप बनवतो. भिंतीपलीकडे मोठ्या मुलांची क्रिकेटची मॅच चाललीय, ह्याला कोणी आत घेत नाही, मग हा भिंतीला चिकटून उभा राहतो, पाईप वर धरतो आणि अख्खं मैदान बघत खालच्या पोरांना कॉमेंट्री ऐकवतो. हा शेवट मला फार आवडला होता.
लिहून झाल्यावर वाटलं खोटं नको, आपण बनवून बघू, म्हणून दोन इंची पांढरा पीव्हीसी पाईप घेतला, करवतीने दोन्ही टोकांना तिरक्या खाचा पाडल्या, आरसे बसवले. आत बघते तर लांब बोगद्याच्या टोकाला असावी तशी एक छोटीशी गोल चकती, तिच्यात नुसतं आभाळ आणि चकतीभोवती सगळी पांढरट चकाकी. मैदान तर राहूच दे, भिंतीची कडसुद्धा दिसली नाही. माझं काय चुकलं, की मुळात कथाच चुकलीय?

अमोघ९
आरशात सगळं उलटं दिसतं हे विसरू नकोस, डावखुरा बॉलर त्याला उजव्या हाताचा दिसणार, कॉमेंट्रीत तसं लिही. आणि लेन्स घातल्याशिवाय लांबचं दिसत नाही, पाणबुडीतल्या पेरिस्कोपमध्ये लेन्स असतात.

जुनामास्तर
रानवाट, तुझी चूक आहे पण थोडी, मोठी अडचण कथेत आहे.
आधी अमोघचं. एका आरशात डावं-उजवं उलटतं हे बरोबर, पण इथे दोन आहेत, पहिल्याने उलटवलेलं दुसरा सरळ करतो, त्यामुळे डावखुरा डावखुराच दिसेल. लेन्सचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे. लेन्स नसली म्हणून लांबचं दिसत नाही असं नाही, पहिल्या महायुद्धात खंदकातले सैनिक साध्या दोन आरशांच्या पेरिस्कोपने समोरचं बघत होते. पण लांब, बारीक नळीतून रुंद देखावा हवा असेल तर लेन्स लागतात, पाणबुडीत त्यासाठीच असतात.
आता चकती इतकी छोटी का ते. आरसे क्षणभर विसर आणि १२० सेंटिमीटर लांब, ५ सेंटिमीटर रुंद सरळ नळीतून बघतेयस असं समज. हात लांब करून अंगठा धर, त्याच्या रुंदीपेक्षा थोडंसंच जास्त जग त्यात मावतं. खेळपट्टी ३० मीटरवर असेल तर तिथे साधारण १.३ मीटरचं वर्तुळ दिसेल. म्हणजे एक बॅट्समन कसाबसा, तोही ताठ उभा राहिला तर डोकं किंवा पाय कापले जाणार. पाईप दुप्पट रुंद घेतला तर दुप्पट दिसेल, निम्म्या लांबीचा घेतला तरी जवळपास तेच, पण अख्खं मैदान कशानेच नाही.

रानवाट
बापरे, म्हणजे कॉमेंट्री गेलीच. पण सर, बॅट्समनचं डोकं सोडा, मला आभाळच का दिसलं?

जुनामास्तर
खाच अंदाजाने पाडलीस ना? वरचा आरसा १ अंश हलला की नजर २ अंश हलते. तुझी खाच ४५ ऐवजी ४२ अंशांची पडली असेल तर नजर ६ अंश वर गेली, ३० मीटरवर ते तीन मीटरच्याही वर होतं. तुझी चकतीच जेमतेम अडीच अंशांची, मग आभाळाशिवाय काय दिसणार.
मुलाकडे कंपासपेटी नसली तरी चालेल. पाईपच्या पुढच्या बाजूला एक खूण करायची, बरोबर मागच्या बाजूला दुसरी, पण पाईप बाहेरून जितका रुंद तितकीच खाली-वर सरकवून. ह्या खुणेपासून त्या खुणेपर्यंत करवत सरळ गेली की ४५ अंश झाले. तरी थोडं चुकतंच, म्हणून वरचा आरसा ओल्या मातीत बसवायचा, मित्राने खालून बघत ‘अजून, अजून, बास’ सांगायचं आणि मग माती वाळू द्यायची. हा प्रसंग कथेत छान बसेल. आणि ती पांढरी चकाकी म्हणजे पाईपच्या आतल्या भिंतीवर चमकणारा उजेड. आत दिव्याची काजळी फासली की ती जाते, चकतीची कड एकदम स्वच्छ होते. तेवढं सूर्याकडे रोखून बघू नकोस, डोळ्याला ते थेट बघण्याइतकंच वाईट.

गच्चीतली
हे पाण्याच्या टाकीसाठी चालेल का? आमची टाकी उंचावर आहे, किती भरली ते कळत नाही, खालूनच बघायचं आहे.

जुनामास्तर
टाकीत अंधार असतो, पेरिस्कोप उजेड तयार करत नाही. तुमच्यासाठी तरंगता डबा आणि दोरी बरी.

पाखरवेडी
रानवाट, मला वेगळंच सुचतंय. वितभर जागाच दिसते ना, मग बघायची गोष्टच वितभर असू दे. भिंतीपलीकडच्या झुडपात बुलबुलचं घरटं ठेव. ते छोट्या वाटीएवढं असतं, आत दोन-तीन अंडी, साधारण दोन आठवड्यांनी पिल्लं निघतात. फक्त मुलाला जवळ नेऊ नकोस, माणूस सारखा घरट्यापाशी घुटमळला की पाखरं घरटं सोडू शकतात, आणि कथा वाचून मुलं तेच करतील.

जुनामास्तर
हे जमतंय की! घरटं ५ मीटरवर असेल तर चकतीत साधारण २६ सेंटिमीटर मावतात, घरटं आणि थोडी पानं. मुलाचा डोळा १२० सेंटिमीटरवर, त्यावर पाईप, म्हणजे वरचं टोक २४० वर. घरटं १५० वर असेल तर नजर सुमारे १० अंश खाली हवी. आरशांना हात लावायचा नाही, अख्खा पाईपच तेवढा पुढे झुकवायचा, आरसे समांतर असल्यामुळे मुलालाही खाली तेवढीच मान झुकवून बघावं लागेल, बास. पण १० अंशांत वाटीचा तळ दिसत नाही. अंडी दिसली असं लिहू नकोस.

रानवाट
सर, हे वाचून मी उठून उभीच राहिले. म्हणजे किती तरी दिवस त्याला नुसती पानं आणि घरट्याची कड दिसणार, पोरं म्हणणार तुझ्या नळीत काही नाही, आणि मग एका सकाळी कडेवर उघडलेली चोच येणार!
काल रात्री काजळी लावली, आरसा मातीत बसवून नवऱ्याला ‘अजून, अजून’ करायला लावलं, आणि समोरच्या कुंपणावरचं एकच पान इतकं स्वच्छ दिसलं की त्याच्यावरची मुंगीसुद्धा कळली. फक्त प्रत्येक गोष्टीच्या कडेला तिचीच एक फिकट सावली दिसते, ते काय?

जुनामास्तर
आरशाचा पारा काचेच्या मागे असतो, थोडा उजेड पुढच्या काचेवरूनच परततो, ती दुसरी फिकट प्रतिमा. काच पातळ घेतली तर कमी होते. कथेत राहू दे, मुलाला एका चोचीच्या दोन चोची दिसू देत.

अमोघ९
डावं-उजवं करून बघितलं, सर बरोबर आहेत. पण वरचं टोक मागे फिरवून पाठीमागचं बघितलं तर माणसं डोक्यावर उभी दिसली, हे काय नवीन?

जुनामास्तर
आरसे समांतर राहिले नाहीत म्हणून. अर्धवट, काटकोनात फिरवून बघ, सगळं आडवं पडलेलं दिसेल.

पाखरवेडी
एक शंका अजून आहे. भिंतीआड मुलगा दिसणार नाही हे ठीक, पण भिंतीवर रोज हलणारं पाईपचं टोक बुलबुलला खपेल का? माझ्या मते मुलाने अंडी असतानाच पाईप तिथे नुसता बांधून ठेवावा, बघायला नंतर यावं.

रानवाट
बांधायला खुंटी देते त्याला. पण रोज एकदा तरी बघितल्याशिवाय तो राहील असं मला नाही वाटत, तिथेच लिहिणं थांबलंय.