सीटखालून हवा : पाय गार, मागे कोंदट

> "नाशिकच्या ४०० सीटच्या सभागृहात सीटखालून १६ अंशांची हवा सोडतो. पाय गारठतात, शेवटच्या रांगा कोंदट. तापमान आणखी कमी करू का?"

नको, उलट १९-२० करा. कोंदटपणा तापमानाचा नाही, हवेच्या प्रमाणाचा आहे. माणसांच्या अंगावरून वर चढणारी गरम हवा जितकी हवा ओढते, तितकी खालून मिळाली नाही की उष्ण थर खाली उतरतो. उतरत्या बैठकीत तो आधी शेवटच्या रांगेला गाठतो.

माणशी सेकंदाला १० लिटर धरा, म्हणजे एकूण ४०००. माणसाची सुमारे ७० वॅट उष्णता हवेला साधारण ६ अंश तापवते: १९ ची २५. (दिवे वेगळे.) घोट्यापाशी वेग ०.२ मीटर प्रतिसेकंदाच्या आत हवा, म्हणून प्रत्येक सीटखाली निदान ०.०५ चौरस मीटर मोकळी जाळी लागते. जाळी लहान असेल तर १९ अंशांवरही पाय गारठतील.

पावसाळ्यात कॉइलवर हवा १३ पर्यंत नेऊन ओल काढा, मग वरची परतीची हवा मिसळून १९ करा.

भरल्या सभागृहात शेवटच्या रांगेत अगरबत्ती धरा. धूर जिथे आडवा पसरतो तो थर बसलेल्या डोक्याच्या वर, म्हणजे पायरीपासून दीड मीटरच्या वर हवा. खाली असेल तर हवा वाढवा.